एका निबंधाचे तीन गोषवारे

सदर ही जबलपूरच्या लष्करी छावणीची जुनी बाजारपेठ होय. या छावणीनजीकच बडा सिमला नावाची एक टेकडी आहे. इ. स. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना या टेकडीच्या परिसरात काही दगडी झालेली हाडे मिळाली. ती कोणत्या प्राण्याची असावीत हे त्या वेळी कोणासही सांगता येणे शक्य नव्हते. कारण ‘डायनोसॉर’ हा शब्दच अद्याप जन्माला यावयाचा होता. पुढे ती हाडे कलकत्त्यास गेली. रिचर्ड लायडेकर या प्राणिशास्त्रज्ञाने १८७७ मध्ये भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या वृत्तांतात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले व त्या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. भारतातून नामकरण झालेला हा पहिला डायनोसॉर होय.

या नावाचा पुढील इतिहास हा वर्गीकरणशास्त्राचा विषय आहे. परंतु त्या इतिहासातील एक निबंध गोषवारा-लेखनाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. एकाच संशोधनाचा गोषवारा कधी तीनशे शब्दांत, कधी सव्वाशे शब्दांत, तर कधी दोनच वाक्यांत द्यावा लागतो. लांबी बदलली तरी अर्थ बदलू नये, ही त्यातील खरी कसोटी असते. ती कसोटी कोठे लागते आणि तीत लेखन कोठे घसरते, हे जबलपूरच्या या हाडांच्या आधारे स्पष्ट दाखविता येते.

निबंध आणि त्याचा आशय

सजीवांच्या वर्गीकरणात एकमेकांशी निकटचे साम्य असलेल्या ‘जाती’ एका ‘प्रजातीत’ घालतात. टायटॅनोसॉरस ही प्रजाती आणि इंडिकस ही त्या प्रजातीतील जाती. प्रत्येक प्रजातीचे नाव तिच्या एका विशिष्ट जातीला बांधलेले असते. तिला प्ररूप जाती म्हणतात. टायटॅनोसॉरस या नावाची प्ररूप जाती म्हणजे जबलपूरची इंडिकस. प्ररूप जातीच जर ओळखता येईनाशी झाली, तर प्रजातीच्या नावाचा आधारच नाहीसा होतो.

लायडेकर यांना इंडिकसचे जे वैशिष्ट्य वाटले ते तिच्या शेपटीच्या मणक्यांत होते. हे मणके पुढच्या बाजूस खोलगट व मागच्या बाजूस गोलाकार फुगीर होते; जणू एका मणक्याचा गोळा पुढच्याच्या वाटीत बसावा. १८७७ मध्ये अशा ठेवणीचा दुसरा मोठा डायनोसॉर ठाऊक नव्हता. म्हणून ते लक्षण त्या प्राण्याची ओळख पटविण्यास पुरेसे होते. नंतर मात्र निरनिराळ्या देशांत तसेच मणके मिळत गेले आणि प्रत्येक वेळी नव्या जातीला टायटॅनोसॉरस हेच प्रजातिनाम देण्यात आले. अशा जातींची संख्या १४ झाली. महाराष्ट्राचा यात दोन ठिकाणी संबंध येतो. लायडेकर यांनीच १८७९ मध्ये चंद्रपूर भागातील पिसदुरा येथील मणक्यांवरून एक जाती वर्णिली. आणि त्याच भागातील डोंगरगाव येथे मिळालेल्या बऱ्याच पूर्ण सांगाड्यावरून १९९७ मध्ये जैन व बंदोपाध्याय यांनी ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ ही जाती वर्णिली.

जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी या सर्व जातींची फेरतपासणी करून २००३ मध्ये एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, १४ पैकी केवळ ५ जातींना स्वतःची म्हणता येतील अशी लक्षणे आहेत, आणि इंडिकस त्या पाचांत नाही. जे लक्षण एके काळी केवळ इंडिकसचे वाटले होते ते आता एका मोठ्या गटाचे सामाईक लक्षण ठरले आहे. अशा लक्षणांना त्यांनी ‘कालबाह्य’ म्हटले. म्हणून टायटॅनोसॉरस हे नाव सोडून द्यावे. मात्र ज्या मोठ्या गटाला टायटॅनोसॉरिया म्हणतात तो गट कायम राहतो, असे त्यांनी प्रतिपादिले. डोंगरगावचा सांगाडा स्पष्ट लक्षणांचा असल्यामुळे त्याच निबंधात त्याला ‘इसिसॉरस’ हे नवे प्रजातिनाम मिळाले. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ते साधलेले आहे.

मर्यादा निरनिराळ्या का असतात

कोणताही निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठविता येतो, असा विद्वज्जगताचा नियम आहे. तेथून तो परत आल्यास दुसरीकडे जातो, आणि दुसरीकडील नियम वेगळे असतात. ‘प्लॉस वन’ हे नियतकालिक गोषवाऱ्यास ३०० शब्दांपर्यंत जागा देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे नियतकालिक २५० शब्द देते. ‘सायन्स’ १२५ शब्दांवर थांबते. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ तर शब्द न मोजता अक्षरचिन्हे मोजते व ६०० चिन्हांची सीमा घालते. याखेरीज परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी किंवा अनुक्रमणिकेसाठी दोन ओळींचा मजकूरही मागितला जातो. एकाच निबंधाला आयुष्यात तीन लांबींचे गोषवारे लागतात ते यामुळे.

येथे एक सर्वत्र आढळणारी पद्धत टाळावयास हवी. पुष्कळ लेखक प्रथम दीर्घ गोषवारा लिहितात आणि मग त्यातील शब्द खोडत खोडत मर्यादेपर्यंत येतात. प्रारंभी विशेषणे जातात, नंतर ‘मात्र’, ‘परंतु’ यांनी सुरू होणारी वाक्ये जातात, आणि शेवटी कारण सांगणारी गौण उपवाक्ये जातात. व्याकरणाच्या दृष्टीने ही सर्व वाक्ये गौण दिसतात हे खरे. पण विधानाची मर्यादा बहुधा ‘मात्र’ या शब्दानंतरच येते आणि त्याचा आधार ‘कारण’ या शब्दानंतर. त्यामुळे खोडून लहान केलेला गोषवारा केवळ लहान होत नाही. तो मूळ निबंधापेक्षा अधिक ठाम होतो.

आधी विधानांची यादी

म्हणून तीनही गोषवारे एकमेकांतून न काढता एका समान मुळातून काढणे इष्ट. हे मूळ म्हणजे निबंधातील विधानांची एक यादी. प्रत्येक विधान एका स्वतंत्र वाक्यात मांडावे आणि त्यापुढे ते निबंधाच्या कोणत्या पानावर सिद्ध झाले आहे ते लिहावे. ज्या विधानापुढे पान लिहिता येत नाही ते यादीत राहू नये. प्रस्तुत निबंधाची यादी पुढीलप्रमाणे होईल.

पहिले विधान पार्श्वभूमीचे: टायटॅनोसॉरस हे नाव १८७७ मध्ये जबलपूरच्या मणक्यांवरून देण्यात आले, नंतर १४ जाती त्यात घालण्यात आल्या, आणि त्यांचा विस्तार अनेक खंडांत व सहा कोटी वर्षांच्या काळात मानला गेला. दुसरे पद्धतीचे: या सर्व जातींची लक्षणे पुन्हा तपासली. तिसरे निष्कर्षाचे: केवळ ५ जाती ओळखता येण्याजोग्या आहेत व प्ररूप जाती त्यांत नाही. चौथे कारणाचे: प्ररूप जातीची लक्षणे आता अनेक संबंधित प्राण्यांत आढळतात. पाचवे फलिताचे: ते प्रजातिनाम व त्यावरून साधलेली कुल आदी श्रेणींची नावे सोडावी लागतात. सहावे मर्यादेचे: टायटॅनोसॉरिया हा व्यापक गट वैध राहतो. सातवे व आठवे दुय्यम फलितांचे: डोंगरगावच्या जातीला नवे प्रजातिनाम मिळाले, आणि गटाच्या वर्गीकरणाची नवी व्याख्या सुचविली गेली.

यादी झाली की तिच्यातील प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारावा: हे वगळले, तर उरलेल्या विधानांचा अर्थ बदलतो काय? पहिले विधान वगळले तर वाचकाला संदर्भ कमी मिळतो, पण चुकीचे काही कळत नाही. आठव्याचेही तसेच. चौथे वगळले तर मात्र नाव का सोडावयाचे हे वाचक स्वतःच्या कल्पनेने ठरवितो. सहावे वगळले तर एका नावाबरोबर सबंध गटच नाहीसा झाला असे त्याला वाटते. म्हणजे तिसरे, चौथे, पाचवे व सहावे ही चार विधाने परस्परांना बांधलेली आहेत. सर्वांत लहान गोषवाऱ्यातही ती चारही आलीच पाहिजेत. इतरांना जागेप्रमाणे प्रवेश मिळेल.

तीन गोषवारे

पुढील तीनही नमुने या पुस्तिकेसाठी मराठीत स्वतंत्रपणे रचलेले आहेत. ते मूळ लेखकांचे शब्द नव्हेत. पहिला, सुमारे १४० शब्दांचा, दीर्घ नमुना:

“टायटॅनोसॉरस ही डायनोसॉरची प्रजाती लायडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूर येथे मिळालेल्या शेपटीच्या मणक्यांवरून प्रस्थापित केली. त्यानंतर सव्वाशे वर्षांत अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, भारत व लाओस येथील एकंदर १४ जाती या प्रजातीत घालण्यात आल्या आणि तिचा काल क्रिटेशस कल्पातील सहा कोटी वर्षांइतका विस्तारला. एवढे महत्त्व असूनही या प्रजातीची समग्र फेरतपासणी झालेली नव्हती. प्रस्तुत निबंधात या सर्व जातींचे पुनरावलोकन केले आहे. १४ पैकी केवळ ५ जातींना ओळखू येण्याजोगी स्वतंत्र लक्षणे आहेत. प्ररूप जाती टायटॅनोसॉरस इंडिकस ही त्यांत नाही; कारण जिच्यावरून ती ओळखली गेली ती लक्षणे पुढे अनेक संबंधित प्राण्यांत आढळली व त्यामुळे ती विशिष्ट राहिली नाहीत. म्हणून टायटॅनोसॉरस हे प्रजातिनाम आणि त्यावरून साधलेली कुल आदी श्रेणींची नावे वापरातून काढावी लागतात. टायटॅनोसॉरिया हा व्यापक गट मात्र वैध राहतो. डोंगरगाव येथील भारतीय जाती सुस्पष्ट लक्षणांची असल्याने तिच्यासाठी इसिसॉरस ही नवी प्रजाती स्थापण्यात येत आहे. गटाच्या वर्गीकरणाची नवी व्याख्या सर्वाधिक पूर्ण अवशेष असलेल्या जातींच्या आधारे सुचविली आहे.”

या नमुन्यात आठही विधाने आहेत. पार्श्वभूमीला तीन वाक्ये मिळाली आहेत, कारण जागा आहे. पण निष्कर्ष त्यांच्या ओझ्याखाली दबलेला नाही. दीर्घ गोषवाऱ्यात नेहमीचा दोष असतो तो हाच: लेखक पार्श्वभूमीला अर्धी जागा देतो आणि निष्कर्षाची शेवटी दाटी करतो. पार्श्वभूमी एकतृतीयांशाहून पुढे गेली की ती कमी करावी. वरील नमुन्यात ती साधारण तेवढीच आहे.

दुसरा, सुमारे ७० शब्दांचा, मध्यम नमुना:

“टायटॅनोसॉरस या डायनोसॉर प्रजातीत १८७७ पासून निरनिराळ्या खंडांतील १४ जाती घालण्यात आल्या होत्या. या सर्वांच्या फेरतपासणीत केवळ ५ जाती स्वतःच्या लक्षणांवरून ओळखू येतात असे आढळले. प्ररूप जाती टायटॅनोसॉरस इंडिकस त्यांत नाही. कारण तिची ओळख ठरविणारी लक्षणे आता अनेक संबंधित प्राण्यांत आढळतात. म्हणून टायटॅनोसॉरस हे नाव व त्यावरून साधलेली कुल आदी नावे वापरातून काढावी लागतात. टायटॅनोसॉरिया हा व्यापक गट मात्र वैध राहतो. डोंगरगावच्या सुस्पष्ट जातीसाठी इसिसॉरस ही नवी प्रजाती स्थापली आहे.”

येथे लांबी निम्मी झाली, पण प्रत्येक वाक्य निम्मे झालेले नाही. पार्श्वभूमी तीन वाक्यांवरून एकावर आली. पद्धतीचे वाक्य स्वतंत्र न राहता ‘फेरतपासणीत’ या एका शब्दात सामावले. वर्गीकरणाची नवी व्याख्या गळाली. कारण व मर्यादा मात्र जवळजवळ पूर्वीच्याच शब्दांत राहिल्या. ‘निरनिराळ्या खंडांतील’ हा शब्दप्रयोगही हेतुपूर्वक आहे. पाच नावे गाळून ‘पाच प्रदेशांतील’ असे लिहिणे सहज सुचण्यासारखे होते. पण लगेच पुढच्या वाक्यात ‘केवळ ५ जाती’ असे येते, आणि घाईने वाचणारा वाचक प्रत्येक प्रदेशात एक जाती उरली अशी समजूत करून घेतो. दीर्घ मजकुरात दूरदूर असलेले आकडे लहान मजकुरात शेजारी येतात. म्हणून संक्षेप झाल्यावर आकड्यांचे शेजार एकदा पाहावेत.

तिसरा, ३० शब्दांच्या आतील, लघु नमुना:

“टायटॅनोसॉरस प्रजातीतील १४ जातींच्या फेरतपासणीत केवळ ५ ओळखण्याजोग्या ठरल्या. प्ररूप जातीची लक्षणे आता अनेक संबंधित प्राण्यांत आढळत असल्याने ते प्रजातिनाम सोडावे लागते. टायटॅनोसॉरिया हा व्यापक गट मात्र वैध राहतो.”

जबलपूर गेले, लायडेकर गेले, डोंगरगावही गेले. तरीही निष्कर्ष, त्याचे कारण, त्याचे फलित व त्याची मर्यादा ही चारही उरली. प्ररूप जाती बाद झाली हे वेगळ्या वाक्यात सांगितले नाही, पण दुसऱ्या वाक्याच्या रचनेतून ते निघते. जबलपूरच्या वाचकाला गावाचे नाव नसल्याची चुटपुट लागेल. परंतु ते नाव ठेवण्यासाठी मर्यादेचे वाक्य काढावे लागले असते, आणि तो सौदा महाग पडला असता.

संक्षेप कोठे खोटा होतो

याच निबंधाचा पुढील लघु गोषवारा पाहावा: “भारताचा पहिला डायनोसॉर टायटॅनोसॉरस हा खोटा ठरला असून १४ पैकी ९ जाती अस्तित्वातच नव्हत्या.” हे वाक्य पहिल्या नजरेला योग्य वाटते, १४ मधून ५ वजा केले तर ९ उरतात हेही खरे. तथापि त्यात दोन चुका आहेत. पहिली अशी की, निबंधाने प्राण्याविषयी नव्हे तर नावाविषयी निर्णय दिला आहे. बडा सिमला येथे एक प्रचंड शाकाहारी प्राणी जगला व मेला याबद्दल निबंधाला शंका नाही. त्याची हाडे इतरांहून वेगळी ओळखता येत नाहीत एवढेच त्याचे म्हणणे आहे. दुसरी चूक त्या नऊंविषयी. ‘ओळखता येत नाही’ आणि ‘नव्हती’ ही दोन निराळी विधाने आहेत. यादीत ‘अस्तित्वात नव्हत्या’ असे विधान कोठेच नाही; ते शब्द वाचविताना आपोआप निर्माण झाले. ‘ओळखण्याजोगी’ या शब्दाऐवजी ‘खरी’ हा लहान शब्द घातला की असे घडते. म्हणून पारिभाषिक शब्द लांब असला तरी त्याच्या जागी जवळचा सोपा शब्द घालण्यापूर्वी दोहोंचा अर्थ तंतोतंत एकच आहे काय हे पाहावे.

दुसरा एक सदोष नमुना अधिक फसवा आहे: “मूळ नमुना उपलब्ध नसल्याने टायटॅनोसॉरस हे नाव रद्द करावे, टायटॅनोसॉरिया गट वैध राहतो.” यात निष्कर्ष आहे, मर्यादा आहे, कारणही आहे. पण ते कारण निबंधाचे नव्हे. जबलपूरचा मूळ नमुना दीर्घकाळ सापडत नव्हता ही गोष्ट खरी, आणि त्यामुळे हे कारण पटण्यासारखे वाटते. परंतु नाव सोडण्याचा आधार लक्षणांची कालबाह्यता हा होता. चुकीच्या कारणाचा परिणाम कसा होतो हे पुढे इतिहासानेच दाखविण्याची सोय केली. २०१२ मध्ये कलकत्त्याच्या भूविज्ञान सर्वेक्षणाच्या संग्रहात टायटॅनोसॉरस इंडिकसचा मूळ मणका पुन्हा सापडला आणि २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मोहबे, सेन व विल्सन यांनी ते वृत्त प्रसिद्ध केले. वरील सदोष गोषवारा ज्याने वाचला असेल, त्याला त्या दिवशी वाटले असते की नाव रद्द करण्याचा आधारच गेला. वस्तुतः मणका हाती आल्याने त्याची सामाईक लक्षणे पुन्हा वैशिष्ट्यपूर्ण होत नाहीत. योग्य कारण देणारा ३० शब्दांचा गोषवारा नव्या शोधानंतरही खरा राहिला. चुकीचे कारण देणारा त्या शोधाने गोंधळला असता.

मोजणी

मर्यादा प्रायः इंग्रजी शब्दांत दिलेल्या असतात आणि मराठीत मसुदा करणाऱ्यास त्या फसवितात. ‘मणक्यांवरून’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत तोच आशय सांगण्यास तीन-चार शब्द लागतात, कारण तेथे विभक्तिप्रत्यय नाहीत व उपपदे निराळी लिहितात. म्हणून मराठीत १२५ शब्द भरले आणि मग भाषांतर केले तर इंग्रजी मजकूर मर्यादेबाहेर जातो. मराठी मसुदा मर्यादेच्या बराच आत ठेवणे, हाच यावर उपाय.

अक्षरचिन्हांची मर्यादा असेल तर देवनागरीत निराळीच अडचण येते. ‘मणक्यांवरून’ या शब्दात वाचकाला सहा अक्षरे दिसतात. संगणक मात्र काना, उकार, अनुस्वार व हलन्तचिन्ह ही सर्व स्वतंत्र मोजतो, आणि त्याच्या हिशेबी तो शब्द अकरा चिन्हांचा होतो. त्याशिवाय शब्दांमधील रिकाम्या जागाही बहुधा मोजल्या जातात. ६०० चिन्हांची मर्यादा डोळ्यांनी मोजून पाळता येत नाही; ज्या यंत्राने संपादक मोजणार त्याच रीतीने ती मोजावी लागते. जोडचिन्हाने जोडलेले शब्द एक धरावयाचे की दोन, याबाबतही मोजणारी साधने एकमत नसतात. त्यामुळे सीमेला अगदी टेकून न राहता चार-पाच शब्दांची जागा मोकळी ठेवणे शहाणपणाचे.

तीनही एकत्र ठेवणे

गोषवारे तयार झाले म्हणजे काम संपत नाही. परीक्षकांच्या सूचनेवरून निबंध बदलतो. एखादी जाती पुन्हा तपासली जाते आणि ५ चे ६ होतात. तो बदल दीर्घ गोषवाऱ्यात होतो, मध्यमात राहून जातो, आणि लघु तर आधीच परिषदेला गेलेला असतो. गोषवारे व निबंध यांच्यातील अशी तफावत दुर्मीळ नाही. पिटकिन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये सहा वैद्यकीय नियतकालिकांतील प्रत्येकी ४४ निबंध त्यांच्या गोषवाऱ्यांशी ताडून पाहिले. गोषवाऱ्यातील माहिती निबंधाशी विसंगत असणे, किंवा निबंधात मुळीच नसणे, हा दोष नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के गोषवाऱ्यांत आढळला. ही सर्व नियतकालिके नामांकित होती.

यावर उपाय म्हणजे पूर्वोक्त यादी. दुरुस्ती प्रथम यादीत करावी, आणि मग त्या विधानाचा उपयोग ज्या ज्या गोषवाऱ्यात झाला असेल तेथे ती करावी. यादीतील प्रत्येक विधानापुढे दीर्घ, मध्यम व लघु असे तीन रकाने आखून ते कोठे कोठे आले याची खूण केली, तर हे काम थोडक्यात होते.

शेवटची परीक्षा मात्र लेखकाने स्वतः करण्याजोगी नसते, कारण गाळलेली विधाने त्याच्या मनात उपस्थितच असतात आणि रिकामी जागा तो नकळत भरून काढतो. लघु गोषवारा निबंध न पाहिलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा व त्यास तीन गोष्टी विचाराव्या: काय आढळले, का, आणि काय आढळले असे मात्र म्हणता येणार नाही. टायटॅनोसॉरसचा लघु गोषवारा वाचून सहकारी म्हणाला की, “नाव गेले, गट राहिला, आणि जबलपूरला प्राणी नव्हता असे यातून निघत नाही,” तर गोषवारा पुरा झाला. तो जर म्हणाला की, “म्हणजे तो डायनोसॉर नव्हताच,” तर एखादा ‘मात्र’ किंवा ‘कारण’ कोठेतरी खोडला गेला आहे असे समजावे, आणि दुसरे काहीही काढून टाकून तो परत आणावा.